नकाराचा मेल आल्यावर

माझ्या फोनवर नकाराचे मेल येतात, पण ते मला लिहिलेले नसतात. कुणाच्या मुलीला, कुणाच्या भाच्याला, कधी एखाद्या जुन्या सहकाऱ्याला आलेला मेल जसाच्या तसा उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवलेला असतो. वर काही लिहिलेलं नसतं, खालीही नसतं. ‘मावशी, काय करू?’ असंही नसतं. ‘कळवण्यास खेद होतो’पासून ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’पर्यंतचा इंग्रजी मजकूर, बस. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी भरतीच्या कामात. असे मेल मी स्वतः शेकड्यांनी पाठवले आहेत. त्यामुळे ओळखीच्या मंडळींना वाटतं, हिला यातलं कळतं.

प्रश्न न विचारता मेल पाठवणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, हे बाहेरून ओळखता येत नाही. एखाद्याला खरंच विचारायचं असतं की याला उत्तर द्यायचं असतं का, आणि काय. पण बहुतेकांचा प्रश्न वेगळाच असतो: मी कमी पडलो का? तो लिहायला जड जातो, म्हणून नुसता मेल पुढे येतो. अशा वेळी ‘होतं असं’, ‘याहून चांगलं मिळेल’ असं लिहिणं मी टाळते. समोरच्यानं बोलायला तोंड उघडायच्या आतच त्या वाक्यांनी विषय मिटतो. मी एवढंच लिहिते: ‘वाचलं. आधी बोलायचं, की उत्तर काय द्यायचं ते बघायचं?’ दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या की माणूस आपली वाट धरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं असाच मेल पाठवला. ती सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात तिला तीनेक वर्षं झाली होती. तळेगावच्या एका मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी ती मुलाखत देत होती, हे मला माहीत होतं. माझ्या ओळीवर तिचं उत्तर आलं, ‘मावशी, याला उत्तर द्यायचं असतं?’

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉलेजात रेझ्युमे कसा लिहायचा ते शिकवतात, मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवतात. नकारानंतर आपल्यालाही काही लिहिता येतं, हे कुणी सांगत नाही. मुलांना तो निकाल वाटतो. बोर्डाचा निकाल लागला की कुणी बोर्डाला आभाराचं पत्र लिहितं का? पण कंपनीचा नकार तसा नसतो. एका जागेसाठी, एका महिन्यात, चार-पाच माणसांनी मिळून घेतलेला तो निर्णय असतो, आणि त्यातला बराचसा भाग उमेदवाराला दिसतच नाही.

मी तिला म्हटलं, आधी मेल नीट वाचू. आभार मानायचे, कारण विचारायचं की गप्प बसायचं, हे आपल्या मनःस्थितीवर ठरवायचं नाही. बरंचसं त्या मेलमध्येच लिहिलेलं असतं.

पहिलं बघायचं ते पाठवणाऱ्याचा पत्ता. आजकाल बहुतेक मोठ्या कंपन्यांत अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात. भरतीचं काम बघणाऱ्यानं तुमच्या नावापुढची स्थिती बदलून ‘रिजेक्टेड’ केली की आधीच तयार ठेवलेला मजकूर आपोआप निघतो. असा मेल ओळखायला सोपा असतो. पत्त्यातच ‘नो-रिप्लाय’ असतं. तुमचं नाव फॉर्ममध्ये जसं भरलंत तसंच येतं, आडनाव आधी आणि सगळं मोठ्या लिपीत भरलं असेल तर तसंच. जागेचं नाव कमी आणि जागेचा क्रमांक जास्त ठळक दिसतो. कुठल्या फेरीत तुम्ही होतात, कुणाशी बोललात, याचा उल्लेख नसतो. खाली सहीच्या जागी एखादी ‘टॅलेंट ॲक्विझिशन टीम’ असते, माणूस नसतो. अशा मेलला दिलेलं उत्तर कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. इथे गप्प राहणं हेच योग्य, आणि त्यात उद्धटपणा काही नाही. केवळ रेझ्युमेवरून अर्ज बाजूला पडला असेल तर कारण विचारण्यातही अर्थ नसतो, कारण सांगण्यासारखं कारण बहुधा कुणाजवळ नसतंच. शे-दोनशे अर्जांतून पंधरा काढायचे असतात. पंधरा सापडले की बाकीचे वाचायचे थांबतात.

या मुलीचा मेल तसा नव्हता. तिच्याशी पहिल्यापासून बोलणाऱ्या रिक्रूटर बाईंनी तो स्वतःच्या पत्त्यावरून पाठवला होता आणि खाली त्यांचा मोबाइल नंबर होता. शेवटची फेरी प्लांट हेडबरोबर झाली, त्यानंतर तिसऱ्याच दिवशी तो आला होता. मजकुरातली पहिली आणि शेवटची वाक्यं साच्यातली होती. आपला प्रोफाइल आम्ही आमच्याकडे जपून ठेवू, वगैरे. या वाक्यावर मी कधीच भिस्त ठेवत नाही. ते सगळ्यांनाच जातं. पण मधे एक वाक्य वेगळं होतं: सप्लायरकडे जाऊन काम केल्याचा थेट अनुभव असलेल्या उमेदवाराची या जागेसाठी निवड झाली आहे. हे वाक्य साच्यात नसतं. ते कुणीतरी बसून लिहिलेलं होतं. मी तिला तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. ती म्हणाली, ‘हे मी बघितलंच नाही. खेद शब्द दिसला आणि खाली स्क्रोल केलं.’

त्या एका वाक्यानं बरंच उलगडत होतं. कारण मोघम का होईना, पण दिलेलं होतं. लिहिणारी व्यक्ती तिला ओळखत होती. आणि मुलगी प्लांट हेडपर्यंत पोहोचलेली होती, म्हणजे या जागेसाठी ती बहुधा दुसऱ्या क्रमांकावर होती, फार तर तिसऱ्या. प्लांट हेडचा वेळ मागताना आम्ही भरतीवाले दोन-तीनच नावं पुढे ठेवतो.

दुसरा क्रमांक आपल्याकडे निरर्थक नसतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. भारतात साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरिअड सर्रास असतो. निवडलेला माणूस आज ‘हो’ म्हणतो आणि येतो दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते, किंवा हातात आलेली आमची ऑफर दाखवून तो तिसरीकडे जास्त मिळवतो. जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात फोन उचलणं बंद होतं. आमच्या भाषेत याला ‘ऑफर ड्रॉप’ म्हणतात, आणि भरतीचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात या शब्दानं गोळा येतो. म्हणून मनातल्या मनात, कधी एक्सेलच्या शीटमध्येही, एक बॅकअप नाव ठेवलेलं असतं. त्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये. खोटी आशा लावल्यासारखं होतं.

मी एका कारखान्यात असताना मेंटेनन्स इंजिनिअरच्या जागेवर हेच झालं. निवडलेला माणूस सोमवारी येणार होता आणि शुक्रवारी दुपारी त्याचा नकार आला. लाइन चालू, तिसऱ्या पाळीला माणूस नाही. प्लांट हेडनी मला विचारलं, ‘दुसरा कोण होता?’ दोन नावं होती. पॅनलच्या नोंदीत दोघं जवळजवळ सारखेच. एकानं नकार कळल्यावर चार ओळींत आभार मानून लिहिलं होतं की या प्लांटमध्ये काम करायला पुढेही आवडेल. दुसऱ्यानं आमच्या डायरेक्टरांना कॉपी ठेवून लिहिलं होतं की मुलाखत हा केवळ देखावा होता, माणूस आधीच ठरलेला होता. तसं नव्हतं, पण त्याला तसं वाटलं असेल. मी पहिल्याला फोन लावला. आभार मानले म्हणून त्याला नोकरी लागली, असा याचा अर्थ नाही. तो कामाला योग्य होताच. आभारांमुळे एवढंच झालं की घाईच्या वेळी माझं बोट आधी त्याच्या नंबरवर गेलं. आभाराच्या मेलची ताकद एवढीच असते. नाहीचं हो त्यानं होत नाही.

तेव्हा आमचं पहिलं ठरलं: उत्तर द्यायचं, आणि ते आभाराचं.

तिनं लगेच रात्रीच मसुदा करून पाठवला. चांगला दीड पानी होता. मुलाखतीतल्या प्रत्येकाचे वेगळे आभार, आपण किती मेहनत घेतली त्याचं वर्णन, तीन वर्षांतली कामं, मग ‘माझ्यात नेमकं काय कमी पडलं ते कृपया कळवावं’, आणि शेवटी ‘पुन्हा एकदा विचार व्हावा’. ही विनंती वाचून मला तिच्याबद्दल फार माया वाटली, पण तीच मी आधी काढायला लावली. ऑफर दुसऱ्याला गेलेली असताना रिक्रूटरच्या हातात त्या विनंतीचं काही करणं नसतं. रिक्रूटरला अवघडल्यासारखं होतं आणि उत्तरच येत नाही.

मग आम्ही दोघींनी बसून मेल छोटा केला. मूळ इंग्रजीत होता. मराठीत त्याचा आशय असा: ‘कळवल्याबद्दल आणि निवडीमागचं कारण सांगितल्याबद्दल मनापासून आभार. क्वालिटी मॅनेजर सरांनी दिलेल्या बोअरच्या मापाच्या उदाहरणावर काम करताना मला बरंच शिकायला मिळालं, त्यांनाही माझे आभार कळवावेत. सप्लायर क्वालिटीच्या कामात मला पुढेही रस आहे. आपल्याकडे अशी जागा निघाली तर जरूर संपर्क करावा. माझा नोटीस पिरिअड साठ दिवसांचा आहे.’ खाली नाव आणि फोन नंबर.

यातलं उदाहरणाचं वाक्य तिचं होतं आणि ते मला सगळ्यांत आवडलं. दुसऱ्या फेरीत तिला एक कागद दिला होता: सप्लायरकडून आलेल्या भागांत भोकाचा व्यास मर्यादेबाहेर जातोय, याचं मूळ कारण शोधून एट-डी रिपोर्ट कसा कराल. एट-डी म्हणजे दोष सापडल्यावर तो आवरण्यापासून तो पुन्हा होऊ नये इथपर्यंतच्या आठ पायऱ्या. क्वालिटीत काम करणाऱ्यांच्या रोजच्या तोंडातला शब्द. असं एखादं खरं वाक्य मेलमध्ये असलं की वाचणाऱ्याला ती मुलाखत आठवते आणि चेहरा आठवतो. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ अशा वाक्यानं काही आठवत नाही. नोटीस पिरिअडची ओळही मुद्दाम ठेवली. बॅकअप शोधणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो.

पाठवण्याचेही काही बारकावे आहेत. उत्तर त्याच मेलला द्यायचं, नवा विषय लिहून नवा मेल सुरू करायचा नाही. म्हणजे आधीचं सगळं संभाषण वाचणाऱ्याच्या समोर राहतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेत पाठवायचं. ज्यांनी स्वतः पत्ता दिला नाही त्यांना, म्हणजे इथे प्लांट हेडना, कुठून तरी पत्ता शोधून कॉपी करायचं नाही. आणि सोबत रेझ्युमे पुन्हा जोडायचा नाही. तो त्यांच्याकडे आहे.

‘पण मग काय कमी पडलं ते विचारायचंच नाही?’ तिचा आवाज पडला होता. मूळ प्रश्न शेवटी तोंडातून निघाला. मी म्हटलं, विचारायचं, पण या मेलमध्ये नाही, आणि लेखी नाही.

याचं कारण आतल्या बाजूला आहे, आणि ते समजलं की पुष्कळांचा राग निवळतो. त्या मुलीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी मला फोनवर गंभीरपणे विचारलं, ‘ताई, माहितीच्या अधिकारात मुलाखतीचे गुण मागता येणार नाहीत का?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. बोर्डाच्या परीक्षेतली आपली उत्तरपत्रिका आपल्याला बघता यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे, आणि शिक्षक म्हणून तो त्यांना माहीत होता. पण माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सार्वजनिक संस्थांना लागू आहे. खासगी कंपनीनं उमेदवाराला नकाराचं कारण सांगायलाच हवं, असं बंधन त्यात नाही. सांगणं ही तिची मर्जी.

आणि लेखी सांगायला कंपन्या का कचरतात? मुलाखतीनंतर पॅनलच्या नोंदी फार त्रोटक असतात. ‘टेक्निकल ठीक, कम्युनिकेशन ॲव्हरेज’ एवढ्यावर कित्येकदा निर्णय होतो. ते तसंच्या तसं पाठवलं तर वाचणाऱ्याला लागतं आणि त्याच्या उपयोगाचंही नसतं. पुष्कळदा खरं कारण उमेदवारात नसतंच. अपेक्षित पगार बजेटच्या वर गेला, दुसऱ्या प्लांटमधल्या माणसाची बदली तिथे करायचं ठरलं, जागाच ‘होल्ड’वर गेली. हे बाहेर सांगायची रिक्रूटरला मुभा नसते. शिवाय लेखी कारण दिलं की वाद सुरू होतो. मी एका उमेदवाराला अगदी नीट, सभ्य शब्दांत कारण कळवलं होतं. त्याचं मुद्देसूद खंडन करणारा लांबलचक मेल आला, आणि माझ्या साहेबांनी तेव्हापासून लेखी कारण देणं बंद करायला सांगितलं. काही देशांत तर यामागे कायद्याची भीती असते. जर्मनीत शिकायला गेलेल्या ओळखीच्या एका मुलानं तिकडच्या नकारांचे मेल मला पाठवले होते, सगळे एकसारखे गुळगुळीत. तिथे समान वागणुकीचा २००६ चा कायदा आहे आणि भेदभाव झाला असं वाटणारा उमेदवार नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांत भरपाईचा दावा करू शकतो. म्हणून कंपन्या एक शब्द जास्त लिहीत नाहीत. त्या मुलाला वाटत होतं, आपल्यालाच कुणी कारण सांगत नाही.

लेखी मिळत नाही ते तोंडी मिळतं. पण त्यासाठी माणूस ओळखीचा झालेला हवा, थोडा काळ जाऊ द्यायला हवा आणि प्रश्न नीट विचारायला हवा. ‘मला का घेतलं नाही?’ या प्रश्नात समोरच्याला आपला निर्णय राखावा लागतो, मग तो साच्यातलं बोलतो. ‘मला या कामासाठी आणखी कशाची तयारी करायला हवी?’ या प्रश्नात त्याला काही राखायचं नसतं, तो मोकळेपणानं सांगू शकतो. माहिती दोन्हीकडे तीच मागितलेली असते.

आठवडाभरानं तिनं रिक्रूटर बाईंना आधी मेसेज केला की पाच मिनिटं बोलता येईल का, आणि त्यांनी संध्याकाळी स्वतःच फोन केला. तिचा चार ओळींचा मेल त्यांना आठवत होता. त्यांनी जे सांगितलं ते इतकं नेमकं होतं की मलाही बरं वाटलं. पॅनलला तिचा एट-डी आवडला होता. पण प्लांट हेडनी विचारलं होतं की नव्या भागाचं उत्पादन सुरू होण्याआधी सप्लायरकडे जाऊन तुम्ही काय काय तपासाल. त्यावर तिनं आपल्या कारखान्यात ती काय करते तेच सांगितलं. नवा भाग सुरू करण्याआधी सप्लायरनं ग्राहकाला कागदपत्रं आणि नमुने सादर करायचे असतात, त्याला पीपॅप म्हणतात. ती फाइल तयार करून ग्राहकाला द्यायचं काम तिनं अनेकदा केलं होतं. दुसऱ्याची फाइल हातात घेऊन त्याच्या शॉपफ्लोअरवर ती खरी आहे का हे पडताळायचं काम तिनं कधीच केलं नव्हतं. टेबलाच्या एकाच बाजूचा अनुभव होता. निवड झालेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचा होता.

‘कमी पडलं’ याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. तिची बुद्धी कमी पडली नव्हती, इंग्रजी कमी पडलं नव्हतं, सांगलीची असणं आड आलं नव्हतं. ही तिन्ही कारणं तिनं आठवडाभर मनात घोळवली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. एक विशिष्ट काम केलेलं नव्हतं आणि ते काम करता येण्यासारखं होतं. तिनं आपल्या साहेबांना विचारलं की भोसरीतल्या मशीनिंगवाल्यांकडे ऑडिटला जाताना मलाही न्याल का. त्यांनी पहिल्यांदा तिला नुसतं सोबत नेलं, मग चेकलिस्ट तिच्या हातात दिली.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मिळालेलं कारण खरं की नुसतं सभ्यतेचं, हे ओळखता यायला हवं. खऱ्या कारणात मुलाखतीतला एखादा प्रसंग असतो, एखादा प्रश्न, एखादं उत्तर. ‘कम्युनिकेशन सुधारा’, ‘कॉन्फिडन्स कमी वाटला’, ‘कल्चरल फिट नव्हता’ एवढंच ऐकू आलं आणि पुढे उदाहरण आलं नाही, तर ते मनावर घेऊन आपल्यात बदल करायला निघू नये. ‘कुठल्या प्रश्नाच्या वेळी तसं वाटलं?’ असं एकदा विचारावं. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर आभार मानून फोन ठेवावा. मी अशी मुलं पाहिली आहेत की एकाच्या ‘कॉन्फिडन्स कमी’वर पुढच्या मुलाखतीत ओरडून बोलली आणि तिथे ‘ॲरोगंट’ ठरली. आणि मेसेजला उत्तरच आलं नाही तर फार तर एकदा आठवण करावी, त्यापुढे नाही. त्या शांततेचा अर्थ लावत बसू नये. रिक्रूटरच्या हातात एका वेळी पंधरा-वीस जागा असतात. तो कोरडेपणा बहुधा तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो.

आभार मानणं मी सहसा सुचवते, पण नेहमी नाही. दुसऱ्या एका मुलीनं मला मेल पाठवला होता, तोही प्रश्नाविना. बोलणं झाल्यावर कळलं की मुलाखतीत तिला लग्न कधी करणार आणि मग नोकरी सोडणार का, हे तीनदा विचारलं गेलं होतं. मेल मात्र अतिशय गोड होता. तिची आई म्हणत होती, आभाराचं लिहून टाक, संबंध कशाला बिघडवायचे. मी स्पष्ट सांगितलं, इथे आभाराचं एक अक्षर लिहायचं नाही. भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला १९७६ च्या समान मोबदला कायद्यानंच मनाई केली होती. हा प्रश्न विचारणाऱ्यानं तिचे आभार मिळवण्यासारखं काही केलं नव्हतं. तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, विचारलेले शब्द आणि विचारणाऱ्याचं पद लिहून ठेव, आणि कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखाला वेगळा मेल कर, असं मी सुचवलं. तिनं लिहून ठेवलं, पण मेल केला नाही. तिला तेव्हा दुसऱ्या नोकरीची घाई होती. तो निर्णय तिचा, आणि मला तो पूर्ण मान्य आहे. गप्प बसण्यातही फरक असतो. घाबरून गप्प बसणं वेगळं, आणि ‘यांना माझा एक शब्दही मिळणार नाही’ असं ठरवून गप्प बसणं वेगळं. तिचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

तळेगावच्या त्या जागेवर निवड झालेला माणूस ठरल्या तारखेला रुजू झाला. तिथून या मुलीला पुन्हा फोन आलेला नाही. ती अजून चाकणलाच आहे, आणि आता दर महिन्याला सप्लायरकडे ऑडिटला जाते. रेझ्युमेत ती ओळ तिनं स्वतःच्या हातानं घातली.

भरतीचं काम करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना मात्र एक विनंती करते. रेझ्युमे बघून नाकारलेल्या दोनशे जणांना साच्यातला मेल जाऊ दे, त्याला इलाज नाही. पण जो माणूस रजा टाकून, तीन फेऱ्या देऊन, प्लांट हेडसमोर बसून गेला, त्याच्या मेलमध्ये एक वाक्य तरी स्वतः लिहा, आणि खाली तुमचं नाव आणि नंबर ठेवा.